मदत हवी आहे: टाकी रिकामी होण्याचं गणित. पुस्तकात उत्तर ०, माझं १५.५ सेंमी

घोळात_घोळ
उद्या एम-टूचा पेपर आहे, लवकर सांगा. तळाच्या भोकातून टाकी रिकामी होते ते गणित. व्हेरिएबल सेपरेट केले, C काढला, उत्तर १५.५ सेंमी येतंय. पुस्तकामागे ० छापलंय. तीनदा करून पाहिलं. पुस्तक चुकलंय ना?

सोपानकाका
कसली टाकी, भोक केवढं, किती वेळानंतरची उंची विचारलीय? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

घोळात_घोळ
नेहमीचंच हो. उभी सिलिंडर टाकी, व्यास १ मीटर, भोक २ सेंमी. `dh/dt = -k*sqrt(h)`, k = 0.001771.

सोपानकाका
इनिशियल कंडिशन? आणि २ सेंमी हा व्यास की त्रिज्या? त्रिज्या असेल तर k चौपट होईल.

घोळात_घोळ
व्यासच. h(0) = 1.44 मीटर. (अ) १० मिनिटांनंतर किती: ४४.७ सेंमी, जुळलं. (ब) ३० मिनिटांनंतर किती: तिथेच अडलंय.

प्रवाही
k मध्ये डिस्चार्ज कोएफिशियंट धरलाच नाहीये! भोकातून बाहेर पडताना धार आकसते, धारदार कडेच्या भोकाला साधारण ०.६ ने गुणावं लागतं. तसं केलं की टाकी रिकामी व्हायला साडेसदतीस मिनिटं लागतात आणि ३० मिनिटांनी जवळपास ६ सेंमी पाणी उरतं. म्हणजे पुस्तकही चूक, तुम्हीही चूक.

सोपानकाका
खऱ्या टाकीसाठी बरोबर आहे. पण ०.६ धरलं तर (अ) चं उत्तर ७७.७ सेंमी येतं. पुस्तकाचं ४४.७ आहे, म्हणजे पुस्तकाने कोएफिशियंट धरलेला नाही. विचारलेल्या गणिताचंच बोलू या.

अनघा_रत्नागिरी
C काढत बसूच नका. दोन्ही बाजूंना लिमिट घाला, डावीकडे 1.44 ते h, उजवीकडे 0 ते t. C च्या चुका आपोआप टळतात. मी नेहमी असंच करते.

घोळात_घोळ
तसंही केलं. `sqrt(h) = 1.2 - 0.0008854*t`. t = 1800 घातलं, वर्ग केला, पुन्हा १५.५.

सोपानकाका
वर्ग करायच्या आधी काय आलं ते लिहा.

घोळात_घोळ
-0.394

सोपानकाका
सापडलं. डावीकडे sqrt(h) आहे, ते ऋण कसं होईल? वर्ग केला की ते ऋण चिन्ह पुसलं जातं आणि उत्तर दिसायला ठीकठाक येतं, म्हणून तीनदा करूनही सापडलं नाही. उजवी बाजू शून्य होते t = 1.2/0.0008854 = 1355 सेकंदांना, म्हणजे २२ मिनिटं ३५ सेकंदांनी. तिथे टाकी रिकामी झाली. त्यापुढे तुमचं सूत्र पॅराबोलासारखं पुन्हा वर चढतं, म्हणजे टाकी आपली आपण भरू लागते.

इंजिनीअर_बाबा
पण इनिशियल व्हॅल्यू प्रॉब्लेमला एकच उत्तर असतं. सूत्र h(0) = 1.44 पाळतंय, मग ते सगळीकडे चालायलाच हवं.

सोपानकाका
मूळ समीकरणात घालून बघा. t = 1800 ला तुमच्या सूत्राचा उतार +0.000697 येतो. समीकरण मागतं `-k*sqrt(h)`, म्हणजे -0.000697. आकडा तोच, चिन्ह उलटं. म्हणजे १३५५ सेकंदांनंतर ते उत्तरच नाही. सेपरेट करताना आपण sqrt(h) ने भागतो, तिथेच h शून्य नाही असं गृहीत धरलं जातं. आणि h = 0 हेही या समीकरणाचं उत्तर आहे, ते भागताना हातातून सुटतं. पुरं उत्तर दोन तुकड्यांत लिहायचं: १३५५ सेकंदांपर्यंत `(1.2 - 0.0008854*t)^2`, पुढे 0.

बाबा, तुम्ही म्हणता ती हमी h = 0 पाशी ढासळते, कारण तिथे sqrt(h) चा उतार अनंत होतो. पुढच्या दिशेने उत्तर एकच आहे, कारण पाणी उणे होत नाही आणि वाढतही नाही. मागच्या दिशेने नाही. रिकामी टाकी बघून ती कधी रिकामी झाली ते सांगता येत नाही.

बर्नूली_फॅन
हे बर्नूली समीकरण आहे, घातांक १/२. v = sqrt(h) ठेवा, dv/dt = -k/2 येतं. सेपरेशनची गरजच नाही.

अनघा_रत्नागिरी
आणि v ऋण झाल्यावर? तोच खड्डा, फक्त रस्ता दुसरा.

चंदू_पॉलिटेक्निक
आमच्याकडे उलट्या शंकूची टाकी आहे, टोकाला भोक. त्यालाही हेच सूत्र चालेल का?

सोपानकाका
नाही. पाण्याच्या पृष्ठाचं क्षेत्रफळ उंचीबरोबर बदलतं, h^(3/2) चं इंटिग्रेशन येतं. वेगळा धागा काढा.

घोळात_घोळ
कळलं. पण पेपरात नुसतं ० लिहिलं तर मार्क मिळतील का, की दोन तुकडे लिहावेच लागतील?

प्रवाही
१३५५ सेकंद काढून दाखवा, मग ० लिहा.

इंजिनीअर_बाबा
तपासणारा उत्तराच्या आकड्याकडेच बघतो, एवढं कोण वाचतंय.

अनघा_रत्नागिरी
असं काही नसतं, पायऱ्यांचेही मार्क असतात.