मदत हवी आहे: टीव्हीला जोडलेला ब्लूटूथ कीबोर्ड अडखळतो, कंट्रोलर मधेच तुटतो

पडवी: टीव्हीच्या अगदी मागेच राउटर आहे, दुसरीकडे केबल पोचत नाही. टीव्हीला ब्लूटूथ कीबोर्ड आणि गेमचा कंट्रोलर जोडलाय. सकाळी सगळं मस्त चालतं पण रात्री घरातलं कोणी मोठं काहीतरी डाउनलोडला लावलं की टाइप करताना एकच अक्षर सात-आठ वेळा उमटतं नाहीतर उमटतच नाही, आणि कंट्रोलर तर सरळ डिस्कनेक्ट. सेल नवीन आहेत, पेअरिंगही पुन्हा करून झालं. करू काय?

खटपट्या: राउटर आणि ब्लूटूथ दोन्ही २.४ गिगाहर्ट्झवर, त्यामुळे भांडतात. राउटरचा चॅनेल ११ करून टाक, विषय संपला.

निवांत: माझ्याकडेही हाच त्रास होता, बटण दाबल्यावर अर्ध्या सेकंदाने उडी. टीव्हीत गेम मोड लावला आणि गेलं.

तारवाला: @निवांत तुमचं दुखणं वेगळं, ते चित्रावरच्या प्रोसेसिंगचं, तो उशीर कायम सारखाच असतो. इथे झटके येतायत. अक्षर रिपीट होतंय म्हणजे बटण सोडल्याचा सिग्नल हरवतोय.

@खटपट्या, अर्धं बरोबर. ब्लूटूथ स्वतःच उड्या मारत मोकळी जागा शोधतं, त्यामुळे चॅनेल कुठला यापेक्षा राउटर किती रुंद जागा अडवतो ते महत्त्वाचं. ४० मेगाहर्ट्झवर असेल तर अर्धा पट्टा गेला, २० वर आणा. आणि टीव्ही स्वतः २.४ च्या वायफायवर असेल तर बऱ्याच टीव्हींत वायफाय आणि ब्लूटूथ एकाच चिपवर असतात, आळीपाळीने बोलतात.

पडवी, आधी खात्री करा: डाउनलोड ५ गिगाहर्ट्झवर चालू ठेवून राउटरचं २.४ पाच मिनिटं बंद करा. कीबोर्ड सुधारला तर चोर सापडला.

पडवी: केलं! २.४ बंद केल्यावर एक अक्षरही चुकलं नाही. पण कायमचं बंद नाही करता येणार, घरातले स्मार्ट बल्ब त्याच्यावरच आहेत. रुंदी ऑटोवर होती, २० केली.

तारवाला: मग टीव्हीला लॅन वायर लावा आणि त्याचं वायफाय बंद करा, राउटर तर शेजारीच आहे. टीव्हीचा लॅन पोर्ट बहुतेक १०० एमबीपीएसचाच असतो पण सिनेमा बघायला भरपूर झाला. आणि राउटर मागून काढून मीटरभर तरी बाजूला सरकवा. टीव्हीला यूएसबी ३ ची हार्डडिस्क लटकतेय का? तीही याच पट्ट्यात गोंगाट करते.

खटपट्या: हार्डडिस्क?? हे नवीनच ऐकतोय. माझी पण लावलेली असते.

पडवी: हार्डडिस्क नाही. वायर लावली, राउटर जमेल तेवढा बाजूला घेतला. कीबोर्ड एकदम ठणठणीत. कंट्रोलर मात्र अजून कधीतरी तुटतो, आणि तेही सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसलं की. साउंडबारही ब्लूटूथवरच आहे, त्याचा काही संबंध?

तारवाला: असू शकतो, आवाज सतत वाहत राहतो ना. एचडीएमआयच्या एआरसीने जोडून बघा आणि सांगा.