मदत हवी आहे : 0.20 म्हणजे नेमके किती चौरस फूट?

नमस्कार. वाटणीच्या बोलण्यात काकांनी मला "तुझा हिस्सा 0.20, चौरस फूट काढून ठेव" एवढाच निरोप पाठवला असून त्यात एकक लिहिलेले नाही. सातबाऱ्यावरचा आकडा धरला तर 20 आर, म्हणजे सुमारे 21,528 चौरस फूट होतात. जुन्या फेरफारातील एकर-गुंठ्याचा धरला, तर 20 गुंठ्यांचे 21,780. हा फरक इतका थोडा आहे की चूक सहज खपून जाईल. मात्र कोणी दशांश एकर समजून गुणले, तर 8,712 च उरतात! काकांना फोन लागत नाही. जुन्या फेरफारातील आकडा आर की गुंठे, हे उताऱ्यावर कशावरून ओळखावे, कृपया सांगावे.