करारातल्या चार भेटी कधी घ्याव्यात?

«आमच्या दवाखान्यात पाच एसी आहेत आणि देखभालीच्या करारात तंत्रज्ञाच्या वर्षाला चार भेटी आहेत. दर तीन महिन्यांनी एक घेतली तर चालेल ना?»

समान अंतर कागदावर नीटनेटके दिसते, पण एसीवरचा भार वर्षभर सारखा नसतो. पहिली भेट उन्हाळ्याच्या साधारण सहा आठवडे आधी घ्यावी आणि तेव्हाच आतल्या व बाहेरच्या कॉइलची पूर्ण सफाई करून घ्यावी, म्हणजे कपॅसिटर किंवा पंख्याची मोटर बदलावी लागली तरी हाताशी वेळ राहतो. दुसरी भर उन्हाळ्यात, तिसरी दमट दिवसांच्या तोंडावर घ्यावी. या वेळी निचऱ्याच्या नळीत पाणी ओतून ते बाहेर पडते का, हे समोर उभे राहून पाहावे. चौथी भेट कमी वापराच्या काळात पुरते. फिल्टर मात्र दर पंधरवड्याला कर्मचाऱ्यांनीच धुवावेत.

प्रत्येक भेटीत तापमान सर्वांत कमी ठेवून पंधरा मिनिटांनी आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेचे तापमान यंत्रनिहाय नोंदवून घ्यावे. समजा, तिसऱ्या एसीची नोंद पहिल्या भेटीत २६ आणि १५ होती, दुसऱ्या भेटीत २६ आणि २० झाली, म्हणजे फरक ११ अंशांवरून ६ वर आला. फिल्टर व कॉइल स्वच्छ असतील, पंखाही नीट चालत असेल, तर गॅस कमी झाल्याचा संशय घ्यावा. गॅस वापरून संपत नाही, तो गळतो. म्हणून नुसता भरून घेऊ नये, आधी गळती शोधायला लावावी. ती दुरुस्ती करारात येते की नाही, हे सहीपूर्वीच पाहावे.