'अंशांकित मॉनिटर' असे लिहिले आणि मागणी निकाली निघाली

रेघोटी (जळगाव)
आमच्या संस्थेत संगणक विभागाकडे करायची प्रत्येक मागणी मराठीतच करावी लागते, कारण तोच मेल पुढे खरेदी समितीसमोर ठेवला जातो. मी तेथे ग्राफिक डिझायनर असून केळीच्या निर्यातीची खोकी, लेबले आणि माहितीपत्रके तयार करते. गेल्या महिन्यात मी लिहिले, "ग्राफिक कामासाठी हार्डवेअर-अंशांकित मॉनिटर मिळावा." उत्तर असे आले, की आपल्याकडील मॉनिटर कारखान्यातून अंशांकित होऊनच आलेले असून खोक्यावर तसे छापलेलेही आहे, सबब मागणी निकाली काढण्यात येत आहे. मला म्हणायचे होते ते वेगळेच. ज्याची रंगदुरुस्ती मॉनिटरच्या आतच साठवली जाते आणि जी दर महिन्या-दीड महिन्याने पुन्हा करता येते, असा मॉनिटर मला हवा आहे. इंग्रजीतही 'कॅलिब्रेटेड' म्हणूनच चालवून घेतात, पण मराठीत 'अंशांकित' म्हटले की काम एकदाच होऊन संपल्यासारखे वाटते. 'अंशांकनक्षम' लिहावे, तर समितीतील एकही सदस्य ते अडखळल्याशिवाय वाचणार नाही. जाणकारांनी शब्द सुचवावा.

सराफकट्टा
ताई, शब्द आपल्या बाजारातच पडला आहे, तो म्हणजे 'पासंग'. पारडी रिकामी असताना काटा एका बाजूला झुकत असेल, तर दुसऱ्या बाजूला जो खडा किंवा तारेचा तुकडा बांधतात, तो पासंग. आमचे आजोबा दुकान उघडल्यावर पहिल्यांदा पासंग पाहत आणि मगच भवानीच्या गिऱ्हाईकाला बसायला सांगत. दरवर्षी वैधमापनवाल्यांकडून आपण जे 'काटा पासिंग' करून घेतो, तेही मुळात 'काटा पासंग'च असणार. साहेबांच्या कानाने त्याचे 'पासिंग' केले.

खिळेजुळारी (धुळे)
भाऊ, 'पासिंग' हे सरळ इंग्रजीतून आले आहे, गाडीचे पासिंग म्हणतो तेच. 'पासंग' फारसी असून त्यातला 'संग' म्हणजे दगड. दोन्ही शब्द एकाच दुकानात भेटले, एवढेच त्यांचे नाते. तरीही पासंगाची उपमा मला आवडली, कारण रेघोटीताईंना नेमके जे नको आहे, तेच तिच्यात दिसते.

छपाईपूर्व विभागात मी पुष्कळ वर्षे काढली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. पडद्यावर एक सेन्सर टांगतात, संगणक त्याच्याखाली एकामागून एक रंगाचे चौकोन दाखवतो आणि सेन्सर प्रत्येक रंग मोजतो. येथपर्यंत दोन्ही पद्धती सारख्याच आहेत. प्रश्न असतो तो सापडलेला फरक कोठे दुरुस्त करायचा याचा. साध्या मॉनिटरमध्ये तो संगणकाच्या ग्राफिक्स कार्डातील तक्त्यात दुरुस्त होतो, म्हणजे मॉनिटर तसाच झुकलेला राहतो आणि संगणक त्याला मुद्दाम उलट्या बाजूने कमी-जास्त संदेश पाठवतो. हाच तो पासंग. यात निळा, हिरवा आणि तांबडा यांना प्रत्येकी साधारण 256 पायऱ्या मिळतात. समजा पडदा निळसर आहे आणि निळा 15 टक्क्यांनी उतरवावा लागला, तर त्या 256 पायऱ्या सुमारे 218 पायऱ्यांच्या जागेत कोंबल्या जातात. काही पायऱ्या एकमेकींत मिसळतात आणि काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत जाणाऱ्या करड्या पट्टीत रेघा उमटतात. हार्डवेअर पद्धतीत संगणकाचा संदेश अखंड जातो आणि दुरुस्ती मॉनिटरच्या स्वतःच्या तक्त्यात होते. तो तक्ता 14 किंवा 16 बिटांचा असला, की प्रत्येक पायरीला आपली वेगळी जागा मिळते. म्हणजे पासंग न बांधता काट्याची दांडीच सरळ केली.

विद्युल्लता (भुसावळ)
मी स्वतः एका कार्यालयाच्या संगणक विभागात काम करते आणि त्या विभागाची बाजू मांडते. मॉनिटरच्या बटणांनी प्रकाश आणि रंग बदलता येतात व ती नोंदही मॉनिटरमध्येच राहते, मग तेही हार्डवेअरचेच अंशांकन नव्हे का? शासकीय मराठीत त्याला 'समायोजन' म्हणतात आणि तो शब्द सर्वांना कळतो. शिवाय आहे त्याच मॉनिटरसाठी एक सेन्सर घेतला, तर खर्च बराच कमी होईल.

खिळेजुळारी (धुळे)
ताई, प्रकाशाबद्दल तुमचे बरोबर आहे. तो बटणानेच उतरवावा, कारण त्यात मागचा दिवा मंद होतो आणि पायऱ्या वाया जात नाहीत. सेन्सर घेतल्यानेही निम्मे दुखणे बरे होईल. पण बटण डोळ्यांच्या अंदाजाने फिरते आणि ते तीन-चार ठिकाणीच रंग हलवते, मधल्या छटा जशाच्या तशा राहतात. ज्यात मोजमाप नाही ते समायोजन, ज्यात आहे ते अंशांकन, हा फरक पुसू नये.

निवृत्त मास्तर (अमळनेर)
मी भौतिकशास्त्र शिकवले आहे, म्हणून मला राहवत नाही. अंशांकन म्हणजे अंशांचे अंकन. कोऱ्या नळीत पारा भरून ती वितळत्या बर्फात आणि मग उकळत्या पाण्याच्या वाफेत धरायची, दोन खुणा करायच्या आणि मधल्या अंतराचे 100 भाग करायचे, हे अंशांकन. तुमच्या पडद्यावर कसले अंश आहेत? 'प्रमाणशोधन' म्हणा. आणि माझ्या घरचा दूरदर्शन संच अलीकडे सर्वांचे चेहरे हिरवट दाखवतो, त्यावर हा सेन्सर लावता येईल का?

सराफकट्टा
मास्तर, 'प्रमाणशोधन' ऐकून समितीला वाटेल की ताई पुरावे शोधायला निघाल्या आहेत.

रेघोटी
चर्चा रंगली आहे, तरी मागणीचे कारण सांगते, म्हणजे शब्द निवडणे सोपे जाईल. रावेरकडील केळीच्या खोक्यासाठी पिवळा 100 टक्के आणि मॅजेंटा 10 टक्के असा रंग धरला होता. माझा मॉनिटर निळसर आणि फार उजळ असल्यामुळे केळी मला हिरवट, कच्ची दिसत होती. ती पिकलेली दिसावीत म्हणून मी मॅजेंटा 18 वर नेला आणि छायाचित्रही थोडे गडद केले. छापून आलेली केळी नारिंगी आणि काळवंडलेली होती, जणू चार दिवस उन्हात पडून उतरलेली. फाईलमधील आकडे छापखान्याने अचूक छापले होते. खोटे बोलत होता तो पडदा.

आता मेलमधील वाक्य असे केले आहे: "ज्याचे रंग सेन्सरने मोजून मॉनिटरच्या अंतर्गत तक्त्यातच दुरुस्त करता येतात आणि ही दुरुस्ती ठरावीक काळाने पुन्हा करता येते, असा मॉनिटर मिळावा."

खिळेजुळारी (धुळे)
वाक्य नेमके आहे. त्यात तीन गोष्टी जोडाव्यात. एक, सेन्सर सोबत किंवा मॉनिटरमध्येच असावा, अन्यथा समिती फक्त मॉनिटर देईल आणि तो वर्षभर कारखान्याच्याच रंगावर चालेल. दोन, पांढऱ्याचे लक्ष्य 6500 केल्विन आणि प्रकाश सुमारे 120 कँडेला दर चौरस मीटरला असा लिहावा, आणि सेन्सर लावण्यापूर्वी मॉनिटर अर्धा तास चालू ठेवावा लागतो, हेही. तीन, जे होणार नाही तेही सांगून टाकावे. मॉनिटरला जो रंग मुळातच दाखवता येत नाही, तो अंशांकनाने उगवत नाही. त्या कागदावर ती शाई कशी उमटेल हे संगणकाला सांगणारी प्रोफाइल चुकीची निवडली, तर केळी पुन्हा नारिंगी होतील आणि दोष या मॉनिटरवर येईल.

विद्युल्लता (भुसावळ)
चौथीही गोष्ट आहे. ही दुरुस्ती मॉनिटरमध्ये लिहिण्यासाठी बहुधा यूएसबीची तार आणि उत्पादकाचे सॉफ्टवेअर लागते. आमच्याकडे यूएसबी बंद असते आणि सॉफ्टवेअर प्रशासकाच्या परवानगीशिवाय चढत नाही. ती परवानगी याच मेलमध्ये मागावी, नाहीतर मॉनिटर येईल आणि दुरुस्तीवाचून पडून राहील.

रेघोटी
हे माझ्या ध्यानातच आले नव्हते, दोघांच्याही सूचना जोडते. मजकूर झाला, पण मेलच्या 'विषय' या ओळीत एवढे लांब वाक्य मावत नाही. तेथे नाम हवे आहे आणि ती ओळ अजून रिकामीच आहे.

सराफकट्टा
'बिनपासंगी पडदा' लिहा. त्याच्या पासंगालाही दुसरा शब्द पुरणार नाही.

निवृत्त मास्तर (अमळनेर)
पडदा खिडकीला असतो. येथे 'दर्शक' हाच शब्द योग्य आहे.