जपानी सहकाऱ्यांना दोन ओळी लिहिताना: आकडे, रंग आणि शुभेच्छा (अनुभव धागा)

रानजाई
काल ऑफिसात एक शुभेच्छापत्र टेबलाटेबलावर फिरत होतं. नागोयाच्या टीममधल्या मुलीचं लग्न आहे. शेजारचा मुलगा लाल जेल पेनने तिचं नाव लिहायला लागला आणि मी ओरडलेच, "अरे थांब, लाल नको!" चाकणला होते तेव्हाच्या आमच्या दुभाषीबाई एकदम डोळ्यांसमोर आल्या.

तेव्हाही लग्नच होतं, तिकडच्या एका इंजिनियरचं. आम्ही छोटासा जपानी मजकूर तयार केला आणि बाईंना दाखवला. व्याकरण बरोबर होतं, तरी बाईंनी पेन्सिलीने तीन खुणा केल्या. सुरुवातीला 'ओइसोगाशिई नाका' होतं, कामाच्या घाईत त्रास देतोय अशा अर्थाचं. आपण रोजच्या मेलमध्ये लिहितो ते. पण 'इसोगाशिई'च्या कांजीत, म्हणजे चित्राक्षरात, एका बाजूला मन आहे आणि दुसऱ्या बाजूला नाहीसं होणं, म्हणून लग्नात ती टाळतात. बाईंनी 'गोतायो नो नाका' केलं. पुढे आम्ही नव्या आयुष्याची सुरुवात म्हणून 'सुताआतो ओ किरु' लिहिलं होतं. किरु म्हणजे कापणं, लग्नात ते कसं चालेल? तिथे 'सुताआतोराइन नि तात्सु' आलं. तिसरी खूण 'कासानेगासाने' या शब्दावर होती. एकच शब्द दोनदा आला की लग्नही दोनदा, असा अर्थ लागतो. तो काढूनच टाकला. शेवटी 'गोकेक्कोन ओमेदेतोऊ गोझाइमासु', मधली सुरुवातीची ओळ आणि 'सुए नागाकु ओशिआवासे नि', एवढंच गेलं. छान दिसत होतं.

वर्गणी ४० हजार येनच्या आसपास जमली होती. बाई म्हणाल्या, पाकिटात ३० हजारच घाला. चारचा उच्चार 'शि', मृत्यूसारखा. शिवाय दहा हजारच्या नोटा सम असल्या की दोघांत सरळ वाटल्या जातात, म्हणजे ताटातूट. उरलेल्या पैशांत कपांची जोडी घेतली. दोन वस्तू चालतात, नवराबायकोची जोडी असते ना.

तुमचे अनुभव लिहा. लग्नाचेच पाहिजेत असं नाही. आजारपण, दुःखाचे निरोप, नवीन वर्ष, काहीही.

खडीसाखर
चार आणि नऊ!! नऊ म्हणजे 'कु', यातना. ओसाकात एका हॉस्पिटलात मैत्रिणीला भेटायला गेले होते तर खोल्या ३ नंतर थेट ५. गाड्यांच्या नंबरप्लेटवरही शेवटी ४२ आणि ४९ देत नाहीत. ४२ 'शि नि' असं वाचलं की मरणाचा अर्थ येतो.
आमच्या इमारतीत मात्र चौथा मजला होता आणि भाडंही कमी नव्हतं 😄

अर्धाचहा
चांगला धागा. माझ्याकडून भर: घड्याळ आणि छत्री कधीच देऊ नका. आठ आकडा शुभ. पैसे लाल पाकिटातच द्या. आणि नाताळला लाल कार्ड पाठवू नका, तिकडे मृत्यूची पत्रं लाल छापतात. आमच्या प्रशिक्षणात सांगितलं होतं.

ओसाकावासी
@अर्धाचहा, यातलं बरंचसं चीनचं आहे. घड्याळ, छत्री आणि लाल पाकीट तिकडचं. जपानमध्ये लग्नाचं पाकीट पांढरं, वर लाल-पांढरी दोरी. मनगटी घड्याळ साहेबाला देत नाहीत, पण त्याचं कारण वेगळं: 'अजून काम करा' असं सुचवल्यासारखं होतं. आठ मात्र इथेही चांगला, कारण त्याची कांजी खाली पसरत जाते, म्हणजे पुढे भरभराट.

लाल नाताळकार्डाचं मीही इंग्रजी पुस्तिकांत वाचलंय. इथे इतकी वर्षं राहून शोकपत्रं काळ्या नाहीतर करड्या शाईतच पाहिली. दुकानात डिसेंबरभर लाल कार्डं विकायला असतात.

लाल अडतं ते दुसऱ्या ठिकाणी. एक, कुणाचं नाव लाल शाईत. नवराबायकोपैकी एक गेलं की थडग्यावर जिवंत असलेल्याचंही नाव कोरून ठेवतात आणि त्यात लाल रंग भरतात. आणि लाल शाईतलं पत्र म्हणजे संबंध तोडणं. दोन, नवीन दुकान किंवा ऑफिस उघडल्याबद्दल लाल भेट, लायटर, ॲशट्रे. लाल म्हणजे आग. आमच्या एका पुरवठादाराने नवी शाखा उघडली तेव्हा सगळ्यांनी फुलं पाठवली होती आणि आमच्याकडून जाणारा लाल गुच्छ साहेबांनी फोन करून बदलून घेतला.

रानजाई
बघा, मी लाल का नको ते सांगू शकले नव्हते त्या मुलाला. उद्या सांगते.

तळेगावकर
ड्रॉइंगवर लाल दुरुस्त्या करतो आम्ही रोज, त्याचं काय?

ओसाकावासी
त्या चालतात. चुका लाल पेनानेच दाखवतात. फक्त माणसाचं नाव नको.

देवगडी
मी पुढच्या महिन्यात हामामात्सुला चाललोय, तिथल्या टीमसाठी काजूची चार मोठी पाकिटं घेतली आहेत. चालतील का? आणि आंबापोळी आवडेल का त्यांना?

खडीसाखर
पाच करा किंवा तीन. शक्यतो एकेकाला वेगळं देता येईल असं लहान पुडीतलं घ्या, ऑफिसात प्रत्येकाच्या टेबलावर एकेक ठेवायची पद्धत आहे. काचेचे, मातीचे संचही तिकडे पाचाचे मिळतात, आपल्यासारखे सहाचे नाही.
आंबापोळी माझ्या साहेबांना फार आवडली होती.

निळाई
माझा आजारपणाचा. आमचे टीम लीडर पोटाच्या ऑपरेशनसाठी दाखल झाले. आम्ही मुलींनी कुंडीतल्या सायक्लामेनचं चित्र असलेलं ई-कार्ड निवडलं, फार गोड होतं. पाठवण्याआधी तिकडच्याच एका ताईंना दाखवलं. त्या दोन मिनिटं काही बोलल्या नाहीत, मग हळूच म्हणाल्या, दुसरं बघूया का. कुंडीतल्या झाडाला मुळं असतात, 'नेत्सुकु'. तसाच उच्चार अंथरुणाला खिळण्याचा. सायक्लामेनमध्ये 'शि' आणि 'कु' दोन्ही ऐकू येतात. लाल फूल रक्तासारखं. एका चित्रात तिन्ही!
मजकुरात आम्ही 'गांबात्ते कुदासाइ' लिहिलं होतं, तेही त्यांनी काढलं. आजारी माणूस आधीच धडपडत असतो, त्याला आणखी कसली जिद्द सांगायची. 'नागाइ', 'फुताताबि' असे लांबण्याचे, पुन्हा होण्याचे शब्दही नकोत. 'ओदाइजि नि' आणि शेवटी 'गोहेन्शिन वा फुयोऊ देसु', उत्तर द्यायची गरज नाही. ही शेवटची ओळ मला फार आवडली. आपल्याकडे आजारी माणसाला दिवसभर फोन घ्यावे लागतात.

अर्धाचहा
@ओसाकावासी, बरोबर असेल तुमचं. पण मग 'कंगवा देऊ नये' हे तरी जपानीच ना? कुशि?

ओसाकावासी
हो, ते जपानीच. कु आणि शि. रुमालही निरोपाच्या भेटीत टाळतात, 'तेगिरे'चा, संबंध तोडण्याचा वास येतो. पांढरा तर मृताच्या चेहऱ्यावर घालतात.

पाऊसवेडा
थोडं वेगळं मत. माझा तोक्योचा टीममेट तिशीच्या आतला आहे. त्याच्या लग्नात मित्रांनी स्वयंपाकाचे चाकू दिले, तो खूश. पाकिटात २० हजारही हल्ली चालतात म्हणाला. मी विचारलं, शब्दांचं काय, तर म्हणे तू परदेशी आहेस, कोण तपासतंय. मग एवढी भीती कशाला बाळगायची?

तळेगावकर
मित्र आणि क्लायंट यांत फरक आहे हो. मित्राने तुझं हसून सोडलं. क्लायंटच्या आईला ते कार्ड दाखवलं जातं.

ओसाकावासी
पाऊसवेडा चुकीचे नाहीत. चाकू 'नशीब उघडणारा' म्हणून देणारे आहेत, २० हजारही तरुणांत चालतात. काही जण एक दहा हजारची आणि दोन पाच हजारच्या नोटा घालतात, म्हणजे नोटा तीन होतात. पण दुःखाच्या निरोपात मी कुणाला सूट घेऊ देणार नाही. तिथे माणूस आधीच कोसळलेला असतो. 'कासानेगासाने', 'त्सुझुइते' असे पुन्हा घडण्याचे, मागोमाग येण्याचे शब्द नकोत. 'गोमेइफुकु', म्हणजे मृताला परलोकात सुख लाभो, हे सुद्धा सगळ्यांना लागू नाही. जोदो शिनशू या बौद्ध पंथाचे आणि ख्रिस्ती लोक तो वापरत नाहीत. घरचं माहीत नसेल तर 'ओकुयामि मोऊशिआगेमासु' लिहा, एवढंच पुरतं.

तळेगावकर
याच्यावरून आठवलं. एका सहकाऱ्याचे वडील गेले. त्याने नोव्हेंबरअखेरीस 'मोचू'चं पत्र पाठवलं, या वर्षी आमच्या घरी नववर्षाच्या शुभेच्छा नकोत असं. आमच्याकडे ते कुणी वाचलं नाही. १ जानेवारीला टीमच्या ग्रुपवर सगळ्यांना 'आकेमाशिते ओमेदेतोऊ' जाणार होतं, आदल्या संध्याकाळी एका मुलीच्या लक्षात आलं. त्याला ग्रुपमधून काढणं बरं दिसलं नसतं, म्हणून 'ओमेदेतोऊ' गाळून सगळ्यांनाच फक्त 'कोतोशि मो योरोशिकु ओनेगाइशिमासु' पाठवलं. त्याला वेगळं 'कानचू मिमाइ' ७ जानेवारीनंतर गेलं. थंडीत तब्येत सांभाळा, एवढंच. ते फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत, रिश्शुनपर्यंत पाठवता येतं.
हेही त्याच मुलीने शिकवलं: नववर्षाच्या पत्रात गेल्या वर्षाला 'क्योनेन' म्हणू नका, त्यातली कांजी सोडून जाण्याची आहे. 'साकुनेन' लिहा.

निळाई
किती हुशार मुलगी. जपानीच्या परीक्षेत एनवन आहे का?

तळेगावकर
एनटू. पुण्यातच शिकली, टिळक रोडला क्लास होता तिचा.

खडीसाखर
कानसाइत ७ नव्हे, १५ जानेवारीपर्यंत थांबतात ना कानचू मिमाइसाठी?

ओसाकावासी
हो, इथे १५ नंतर. पण आमच्या ऑफिसात ७ नंतरही जातात. ज्याचं घर जिथलं, तसं.

मोगरा
(मध्येच घुसतेय, कुकर लावून आलेय) आपल्या ५०१ चं काय होतं तिकडे? माझ्या भावाने जपानी मित्राच्या लग्नात ३०,००१ येन द्यायचं ठरवलंय, तो एक आपला म्हणून.

पाऊसवेडा
ते नाणं पाकिटात वाजेल. मित्राला गोष्ट सांगितली तर आवडेल बहुतेक.

ओसाकावासी
नाणं पाकिटात नको. तीन कोऱ्या नोटाच घाला, लग्नाला नव्या नोटा लागतात आणि दुःखात नव्या नको. तो एक येन वेगळ्या कार्डाला चिकटवून त्याबद्दल दोन ओळी लिहिल्या तर गोड वाटेल. पण त्याच्या आईवडिलांना कसं वाटेल ते मला सांगता येणार नाही.

मोगरा
सांगते त्याला. शिट्टी झाली, आले.

रानजाई
एक राहिलं. या वेळी भेट ऑनलाइन मागवतोय, तिथे वरच्या कागदाचे दोन पर्याय आहेत, फुलपाखरी गाठ आणि दुसरी न सुटणारी. न सुटणारीच ना?

ओसाकावासी
मुसुबिकिरी, तीच. फुलपाखरी गाठ ओढली की सुटते आणि परत बांधता येते, ती बाळ झाल्यावर. लग्नाला लाल-पांढऱ्या दहा दोऱ्यांची घ्या, वर 'कोतोबुकि' निवडा. दुःखातली काळी-पांढरी किंवा पिवळी-पांढरी पण त्याच यादीत खाली असते, मोबाइलवर चुकून दाबली जाऊ शकते. ऑर्डर करण्याआधी चित्र मोठं करून बघा.

देवगडी
काजूची पाच पाकिटं केली. आंबापोळी पण पाच.