'फळीवर वंदना' आणि आमचं काढून टाकलेलं रील (सोसायटी ग्रुप, गणपतीचा तिसरा दिवस)

निखिल (सी-७०४), सकाळी ८:५०: रील काढलंय. इन्स्टा, यूट्यूब दोन्हीकडून. आता मला एकेकट्याने फोन करू नका, जे काय आहे ते इथेच बोला 🙏

संजय, सेक्रेटरी: ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी. ४२ सेकंदांचं रील होतं, आरतीत आपण काय काय चुकीचं म्हणतो त्यावर. 'फणिवरबंधना'चं 'फळीवर वंदना', 'संकटी पावावे'चं 'संकष्टी पावावे', आणि 'वाट पाहे सदना'चं 'सजणा'. काल रात्री टाकलं. सकाळपर्यंत मला सहा फोन.

पराग (बी-२०१): पण खरंच हसू आलं हो. अख्खा महाराष्ट्र 'फळीवर'च म्हणतो. लहानपणी मला वाटायचं देव फळीवर ठेवलाय म्हणून त्याला वंदन.

शुभांगी काकू (ए-३०३): हसू मलाही आलं, खोटं कशाला बोलू. आमच्या सासूबाई शेवटपर्यंत 'सजणा' म्हणत होत्या, आणि अगदी डोळे मिटून म्हणायच्या. शब्द चुकण्यावर माझा आक्षेप नाहीच. त्याच्या पुढचं जे आहे ना, मूर्तीचे डोळे मोठे करून 'टॉइंग' असा आवाज दिलाय, ते पाहून अंगावर काटा आला. परवाच गुरुजींनी प्राणप्रतिष्ठा केली त्या मूर्तीची.

निखिल: काकू, तो साधा इफेक्ट आहे. बाप्पाला आश्चर्य वाटलं एवढंच दाखवायचं होतं. आणि सगळेच करतात. बाप्पा बोलतो, बाप्पा वैतागतो, अशी रीलं ढिगाने पडलीत.

मंजिरी (बी-३०४): ढिगाने आहेत. ती कोण बघतं आणि खाली कमेंटमध्ये काय चालतं तेही बघ एकदा. मी एडिटिंगचंच काम करते म्हणून सांगते, त्यातली बरीचशी चित्रातल्या किंवा कार्टूनच्या बाप्पावर असतात. लोक तिथे सैल सोडतात. तू वापरलीस ती मांडवातली मूर्ती. दूर्वा वाहिलेल्या, जास्वंद, पायाशी अक्षता, समोर निरांजन. पूजा झालीय हे बघणाऱ्याला कुणी सांगावं लागत नाही.

विद्याधर आजोबा (ए-१०१): मंजिरी बरोबर बोलते आहे. प्राणप्रतिष्ठेआधी ती शाडूची मूर्ती. कारखान्यात रंग देताना कारागीर तिला आडवी धरतो, सोंडेला कागद गुंडाळतो, टेम्पोत गादीवर निजवतो. त्यात कुणाला काही वाटत नाही. एकदा प्रतिष्ठा झाली की उत्तरपूजा होईपर्यंत तो आपल्या घरी आलेला देव. आलेल्या पाहुण्याच्या चेहऱ्याशी आपण खेळतो का? शुभांगीच्या अंगावर काटा आला तो याच जागी.

निखिल: आजोबा, पुण्यात राहून हे कसं चालेल? जिलब्या मारुती, पासोड्या विठोबा, उपाशी विठोबा ही नावं कुणी ठेवली? तेव्हा कुणाच्या भावना दुखावल्या नाहीत?

विद्याधर आजोबा: चांगला मुद्दा काढलास. पण त्या नावांत चिमटा कुणाला आहे ते बघ. पासोड्यांचा बाजार शेजारी होता म्हणून पासोड्या. चेष्टा झालीच तर बाजाराची आणि पेठेतल्या माणसांची. देवाच्या रूपाला त्यात धक्का नाही. एकनाथांचं रोडग्याचं भारूड घे. बाई भवानीआईला रोडगा कबूल करते, आणि मागते काय, तर सासरा जाऊ दे, सासू जाऊ दे, नणंदेच्या किरकिऱ्या पोराला खरूज होऊ दे. गर्दी खो खो हसते. भवानीकडे बघून एक माणूस हसत नाही, सगळे हसतात ते त्या बाईच्या मागणीला. आणि शेवटी कळतं की जायला हवेत ते आपल्याच मनातले सोयरे. तोवर हसून झालेलं असतं.

पराग: म्हणजे भक्ताला हसा, देवाला नको. एवढंच ना?

मंजिरी: एवढंच असतं तर बरं होतं. कोणत्या भक्ताला हसायचं? निखिल, पहिल्या शॉटमध्ये कोण आहे?

निखिल: वॉचमन दादा.

मंजिरी: त्यांचा चेहरा जवळून, 'फळीवर वंदना', मग फ्रेम गोठवून 'खर्रर्र' आवाज, मग मागून पोरांचा हशा. मी आत्ता गेटवर जाऊन आले. ते म्हणाले, "मॅडम, गावाकडं पोरीनं बघितलं. विचारत होती, पप्पा, तुमाला का हसत्यात?"

मंजिरी: तक्रार नाही केली त्यांनी. एवढंच सांगितलं आणि गाडी आली म्हणून गेट उघडायला गेले.

शुभांगी काकू: अरेरे.

निखिल: मी त्यांना विचारूनच शूट केलं होतं. पण कसं वापरणार ते नव्हतं सांगितलं. थांबा, मी खाली जातो.

संजय, सेक्रेटरी: सहा फोनांपैकी एकही याबद्दल नव्हता, हेही नोंदवून ठेवतो.

चेअरमन काका (सी-१०२): मी सगळं वाचतोय. जाहीर कबुली देतो, गेली पन्नास वर्षं मीही 'फळीवर वंदना'च म्हणतोय. मांडवात माइक माझ्या हातात असतो, म्हणजे तुम्हा सगळ्यांना मीच बिघडवलंय. मला घ्या पहिल्या शॉटमध्ये.

पराग: 😂😂 काका जिंकलात

मंजिरी: हे खरंच चालेल, आणि का ते सांगते. चेअरमन आपलीच फजिती आपणच सांगताहेत. माइक, झब्बा, सगळा थाट, आणि शब्द चुकलेला. ज्याच्याकडे जरा मोठेपणा आहे त्याने स्वतःवर विनोद घेतला तर बघणारा आपोआप त्याच्या बाजूला जातो. वॉचमन दादांच्या बाबतीत तो मोठेपणा बघणाऱ्याकडे होता.

बनसोडे काका (बी-१०३): माझं स्पष्ट मत. आरती हा विनोदाचा विषयच नाही. कितीही गोड करा.

संजय, सेक्रेटरी: काका, नोंद घेतली. मांडवातल्या स्क्रीनवर हे लावायचं नाही, आरतीच्या वेळेला तर नाहीच. चालेल?

बनसोडे काका: फोनवर कोण काय बघतं त्याला मी काय करणार. मांडवात नको.

निखिल, दुपारी १:१५: दादांना भेटलो, माफी मागितली. ते म्हणाले, नवीन केलं तर बरोबर शब्द म्हणायला मला घ्या. आता मंजिरीताई, क्रम सांगा. पहिल्या दोन-तीन सेकंदांत हसू आलं नाही तर लोक अंगठ्याने वर सरकवून जातात, म्हणून मी जोक पुढे घेतला होता.

मंजिरी: तिथेच गोची झाली. जो तीन सेकंदांत निघून गेला त्याने फक्त 'आरतीची चेष्टा' पाहिली. पुढचं काही त्याच्यापर्यंत पोचलंच नाही. त्यात तुझं शीर्षक 'आरतीची पार वाट'. फॉरवर्ड झालं की खालचा मजकूर गळून पडतो, पडद्यावरची अक्षरं तेवढी राहतात. असं कर. पहिली दोन सेकंदं टाळ, घंटा आणि निरांजन धरलेला हात, वर अक्षरं 'आम्ही इतकी वर्षं काय म्हणत होतो?' प्रश्न आपल्यालाच आहे, त्यामुळे उत्सुकता राहते आणि आरती कुठे दुखत नाही. मग चेअरमन काका, पूर्ण भक्तिभावाने, 'फळीवर वंदना'. कॅमेरा हळूच वळतो त्यांच्या घरच्या फळीवर. तिथे चहा-साखरेचे डबे.

चेअरमन काका: डबे पुसून ठेवायला सांगतो.

मंजिरी: नका पुसू, मजा जाईल. तिथे कुठलाही कार्टूनी आवाज नको. मागे टाळ चालूच राहू दे. हसू डब्यांनी येतं, आवाज घातला की चिमटा उगाच आरतीला बसतो.

विद्याधर आजोबा: आणि अर्थ सांगाल ना? फणिवर म्हणजे श्रेष्ठ नाग. त्याचं बंधन ज्याच्या कमरेला, म्हणजे पोटावर नागाचा पट्टा बांधलेला तो. मूर्तीवर दिसतोही, बघा कधी नीट. तिथे कॅमेरा मूर्तीकडे न्या, पण शांतपणे.

मंजिरी: हो, मूर्ती एकदाच आणि तेव्हाच. पट्ट्यावर थांबायचं, पोटावर झूम नाही. मागच्या वर्षीचा 'बाप्पा, मोदक कमी खा, डाएट करा'वाला खर्डा आठवतोय ना? कागदावर गमतीचा वाटला होता, कॅमेरा पोटाकडे गेला आणि आम्ही तिघेही गप्प झालो. लंबोदर हे त्याचं नाव आहे, दोष नाही.

निखिल: 'सजणा' ठेवू का? मला भीती वाटतेय. ते जरा सिनेमासारखं होतं.

शुभांगी काकू: मी सांगते ना ते. सासूबाईंचा फोटो मागे भिंतीवर आहेच. "आमच्या सासूबाई 'वाट पाहे सजणा' म्हणायच्या. रामाचा दास घरी देवाची वाट बघतोय, हे मला त्या गेल्यावर कळलं." एवढंच. तरुण मुलाने डोळा मारत 'सजणा' म्हटलं तर मीच पहिली तक्रार करीन.

पराग: 'संकष्टी' वगळा मग, लांबतंय.

मंजिरी: वगळलं. शेवट वॉचमन दादा, बरोबर शब्दांत ती ओळ, पूर्ण. आणि निखिल, हे रील संपलं की लगेच पहिल्यापासून परत सुरू होतं हे विसरू नकोस. काल दिव्याच्या ज्योतीवर संपत होतं आणि पुढच्या क्षणाला 'खर्रर्र'. म्हणजे ज्योतीलाच हसल्यासारखं झालं. या वेळी शेवटचा टाळ पुढच्या टाळाला जुळू दे.

निखिल, रात्री ९:४०: [व्हिडिओ, ३८ सेकंद] अजून कुठेही टाकलेलं नाही. आधी इथे बघा, आवाज चालू ठेवून. आणि नंतर आवाज बंद करूनही बघा, कारण बरेच लोक तसंच बघतात.

शुभांगी काकू: दोनदा पाहिलं. डबे बघून हसले आणि सासूबाईंच्या इथे डोळे भरले. टाक.

विद्याधर आजोबा: 'बंधना'तला 'ध' पडद्यावर 'द' झाला आहे. शब्द चुकण्यावरचं रील आणि त्यात शुद्धलेखन चुकलेलं. दुरुस्त कर, नाहीतर सदाशिव पेठेतून फोन येतील.

निखिल: 🙈 करतो लगेच

बनसोडे काका: पाहिलं. माझं मत तेच आहे. पण दादांनी म्हटलंय छान.

संजय, सेक्रेटरी: दादांनी त्यांच्या मुलीला पाठवायला मागितलंय. निखिल, दुरुस्त केलेलं दे, मी त्यांच्या फोनवर पाठवतो. आणि उद्या सकाळची आरती साडेसातला. चेअरमन काका, माइक?

चेअरमन काका: माइक दादांकडे द्या. मी मागे उभा राहून पाठ करतो.