अनुभव धागा: पहिल्या दहा सेकंदांत तुमचं चॅनल काय देणार, हे कसं सांगता?

पर्वतीपायथा
यूट्यूबवर मराठी चॅनल चालवणाऱ्या किंवा दुसऱ्यांसाठी संहिता लिहिणाऱ्या सगळ्यांना आमंत्रण. विषय एवढाच: व्हिडिओची सुरुवात. "नमस्कार मंडळी, कसे आहात, मजेत ना" हे सगळं गाळून, बघणाऱ्याला काय मिळणार ते दहा सेकंदांत कसं सांगायचं? तुम्ही लिहिता कसं, मोजता कसं, काय फसतं, ते नेमकं लिहा. कौतुक आणि प्रोत्साहन नको, कृती हवी. जमलं तर एखादी सुरुवात आधी कशी होती आणि नंतर कशी झाली, तेही इथेच मांडा.

हडपसरकर
लोगोचं ॲनिमेशन पाच सेकंदांचं ठेवावं, त्यावर एकच ठरलेली धून. दहा सेकंदांच्या लोगोत लोक पळतात. फोनवरच्या ॲपमध्ये तयार साचे मिळतात, त्यात नाव बदललं की झालं.

नारायणपेठी
हडपसरकर, धाग्याचा प्रश्न लोगोचा नाही, बोलण्याचा आहे. तरी लोगोबद्दल सांगतो, कारण तो याच दहा सेकंदांतली जागा खातो. लोगो ठेवायचाच असेल तर आधी वचनाचं वाक्य आणि मग दीड-दोन सेकंद लोगो. लोगो पहिला आला की माणसाने ज्या कामासाठी बोट टेकवलं, ते काम इथे होणार की नाही हे त्याला कळत नाही, आणि मागे जायचं बटण अंगठ्याखालीच असतं.

आता मूळ मुद्दा. एक नमुना घेऊ. विषय पुण्याच्या पावसाळ्यातला: स्कूटर रात्रभर उघड्यावर भिजली आणि सकाळी सुरू होत नाही. सुरुवात साधारण अशी लिहिली जाते:

"नमस्कार मंडळी, आपल्या चॅनलवर तुम्हा सर्वांचं मनापासून स्वागत. कसे आहात सगळे? मजेत ना? मंडळी, आजचा विषय खूप महत्त्वाचा आहे, त्यामुळे व्हिडिओ शेवटपर्यंत नक्की बघा. त्याआधी, चॅनलवर नवीन असाल तर सबस्क्राइब करा, शेजारची घंटी दाबा. तर चला, वेळ न घालवता सुरू करूया."

हे 41 शब्द आहेत. सावकाश म्हटले तर अठरा-वीस सेकंद जातात, आणि त्यात "स्कूटर" हा शब्द एकदाही नाही. हाच मजकूर उकडीच्या मोदकांच्या व्हिडिओलाही जसाच्या तसा चालेल. माझी पहिली चाचणी हीच असते: सुरुवात उचलून दुसऱ्याच विषयाच्या व्हिडिओला लावून बघायची. लागली, तर तिच्यात काहीच सांगितलेलं नाही.

लिहिताना मी तीन गोष्टी कागदावर मांडतो. माणूस कुठे अडलाय, शेवटी त्याच्या हातात काय पडेल, आणि त्यासाठी काय लागेल. मग त्या जोडतो:

"भिजलेल्या स्कूटरचा स्टार्टर फिरतो, पण गाडी पेट घेत नाही? प्लगच्या टोपीत पाणी शिरलंय का, ते पार्किंगमध्येच बघू. लागेल फक्त कोरडं फडकं. स्टार्टरच फिरत नसेल, तर हा व्हिडिओ तुमच्यासाठी नाही."

29 शब्द. मोठ्याने वाचलं की बारा-तेरा सेकंद होतात, म्हणजे अजून कापायला हवं. मराठीत सेकंदाला सव्वादोन-अडीच शब्द सहज बोलता येतात, म्हणून दहा सेकंदांत 22 ते 24 शब्द धरा. पण नुसते शब्द मोजून भागत नाही. "पार्किंगमध्येच" हा मोजायला एक शब्द, बोलायला दोन-तीन शब्दांएवढा. फोनचं स्टॉपवॉच लावून तीनदा वाचायचं आणि तिन्हीतली सगळ्यात मोठी वेळ खरी धरायची. कॅमेऱ्यासमोर माणूस सहसा घरच्यापेक्षा सावकाश बोलतो.

कापलेलं रूप:

"स्टार्टर फिरतो, पण भिजलेली स्कूटर सुरू होत नाही? प्लगच्या टोपीत पाणी शिरलंय का, ते पार्किंगमध्येच बघू. लागेल फक्त कोरडं फडकं."

20 शब्द, नऊ सेकंद. शेवटचं वाक्य फेकलेलं नाही. "स्टार्टरच फिरत नसेल, तर कारण वेगळं" हे अकराव्या सेकंदाला येतं, तेव्हा पडद्यावर प्लग दिसायला लागलेला असतो.

औंधची
सुरुवातीला प्रत्येक व्हिडिओत चॅनलची ओळख एका वाक्यात हवीच ना? "घरच्या घरी गाडीची दुरुस्ती शिकवणारं चॅनल" असं काहीतरी. नाहीतर नवीन माणसाला कळणार कसं की पुढेही असंच मिळणार आहे?

नारायणपेठी
औंधची, ओळख हवी हे बरोबर. प्रत्येक व्हिडिओच्या तोंडाशी हवी, हे मला पटत नाही. शोधून आलेल्या माणसाला आज फक्त स्कूटर सुरू करायची आहे. त्याला चॅनलचं वचन कामाचं वाटतं ते काम झाल्यावर, म्हणून ते वाक्य शेवटी, गाडी सुरू झाल्याचा आवाज आल्यानंतर.

चॅनलचं वचन पहिल्या सेकंदाला हवं अशी एक जागा आहे: चॅनलचा ट्रेलर. Studio मध्ये `Customization` ला गेलात की तो व्हिडिओ नेमता येतो, आणि सबस्क्राइब न केलेल्यांना तो चॅनलच्या पानावर दिसतो. तिथे मी असं लिहीन: "गॅरेजला न जाता, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, घरातल्या हत्यारांनी होणारी स्कूटरची दुरुस्ती. इंजिन उघडावं लागेल असं एकही काम इथे नाही." यात दुसरं वाक्य जास्त मोलाचं. काय मिळणार नाही हे कळलं की पहिल्यावर विश्वास बसतो.

गॅरेज_नाना पेठ
वर "फक्त कोरडं फडकं" लिहिलंय ते चुकीचं आहे. बऱ्याच स्कूटरना प्लगपर्यंत हात जायला आधी एक झाकण काढावं लागतं, त्याला स्क्रू असतात. स्क्रूड्रायव्हर नसेल तर माणूस तिथेच अडकेल आणि खाली कमेंटमध्ये तुम्हाला विचारेल. शिवाय इंजिन गरम असताना त्या टोपीला हात लावू नये, हेही बोला.

नारायणपेठी
अगदी बरोबर, चूक माझी. आणि नेमकी हीच चूक सुरुवातीत सगळ्यात महाग पडते. वचन छोटं करायच्या नादात "फक्त" शिरतो. दुरुस्त वाक्य: "लागेल कोरडं फडकं आणि स्क्रूड्रायव्हर." शब्द 21 झाले, वेळ अजूनही दहाच्या आत. गरम इंजिनाची सूचना मात्र सुरुवातीत नको. ती टोपीला हात लावण्याच्या आधीच्या वाक्यात, कारण ती लागते तिथे.

माझा नियम आता असा: सुरुवातीतला प्रत्येक दावा व्हिडिओत कितव्या मिनिटाला पुरा होतो, ते समासात लिहायचं. मिनिट लिहिता आलं नाही, की दावा काढायचा.

आवाजवाला
लिहिण्याइतकंच रेकॉर्डिंगने बिघडतं, म्हणून दोन गोष्टी सांगतो.

एक, सुरुवात सगळ्यात शेवटी रेकॉर्ड करा. आवाज मोकळा झालेला असतो आणि व्हिडिओत खरंच काय दाखवलं ते माहीत असतं. वर स्क्रूड्रायव्हरचं जे झालं, ते अशाने टळतं. कपडे, दिवा आणि माइकचं अंतर मात्र तेच ठेवा, नाहीतर दहाव्या सेकंदाला जोड कानाला कळतो.

दोन, रेकॉर्डिंग सुरू करून दोन सेकंद गप्प राहा, मग बोला, आणि ती शांतता नंतर कापा. बटण दाबताच बोललं तर पहिलं अक्षर बऱ्याचदा गिळलं जातं. "स्टार्टर"चं "टार्टर" होतं. नमस्काराने सुरुवात होते तेव्हा हे कोणाच्या लक्षात येत नाही, कारण "मस्कार" ऐकूनही कळतं. पहिलाच शब्द कामाचा असेल तर ते चालत नाही. कापतानाही शब्दाला चिकटून कापू नका, थोडा श्वास राहू द्या. आणि या दहा सेकंदांत बोलण्याखाली संगीत नको.

सुगरण_कर्वेनगर
माझ्या चॅनलचं वेगळं आहे. पाककृती बघणाऱ्या बऱ्याच बायका माझ्या आईच्या वयाच्या. त्यांना नमस्कार न करता थेट "पुरण सैल झालं?" असं विचारणं मला उद्धट वाटतं. कमेंटमध्येही त्या आधी "नमस्कार ताई" लिहितात, मग प्रश्न. मी नमस्कार काढणार नाही.

आवाजवाला
ताई, "नमस्कार." एवढा एकच शब्द एका सेकंदाच्या आत संपतो. तो ठेवून लगेच "पुरण सैल झालं तर पुन्हा कसं आटवायचं ते दाखवते" म्हणता येईल. वेळ जातो तो "कसे आहात"मध्ये आणि त्याच्या उत्तरासाठी थांबलेल्या क्षणात.

नारायणपेठी
मी तो एक शब्दही काढतो. होम पेजवर बऱ्याच ठिकाणी व्हिडिओ उघडण्याआधीच आवाजाशिवाय चालू होतो. तेव्हा नमस्कार म्हणजे नुसते जोडलेले हात दिसतात. त्याच सेकंदाला सैल पुरण उलथन्यावरून घसरताना दिसलं तर न ऐकताही विषय कळतो. म्हणून पहिल्या तीन सेकंदांत चेहऱ्याऐवजी अडचण दाखवा, वर चार-पाच मोठे शब्द लिहा. अगदी खालच्या कडेला लिहू नका, तिथे सबटायटल आणि वेळेची पट्टी येते.

सुगरण_कर्वेनगर
उलथन्याचं पटलं. ते दाखवताना मागून माझ्याच आवाजात नमस्कार येऊ दे. तेवढा राहील.

पर्वतीपायथा
सुरुवात जमली की नाही, हे कळतं कसं? मी फक्त व्ह्यूज बघते.

नारायणपेठी
व्ह्यूजवरून नाही कळत, ते मथळ्यावर आणि थंबनेलवरही ठरतात. त्या व्हिडिओच्या `Analytics` मध्ये प्रेक्षक टिकल्याचा आलेख असतो. 30 व्या सेकंदाला किती टक्के लोक उरले, तेही तिथे दिसतं. आकडे भरायला एक-दोन दिवस लागतात, तेव्हा पहिल्या संध्याकाळी निष्कर्ष काढू नका. पहिल्या काही सेकंदांतली घसरण प्रत्येक व्हिडिओत असते. तुलना करायची ती आपल्याच, साधारण तेवढ्याच लांबीच्या व्हिडिओंशी.

मी आकार बघतो. रेघ खाली जाऊन विसाव्या सेकंदाच्या आसपास पुन्हा वर चढली असेल, तर लोक सुरुवात ओलांडून पुढे उडी मारताहेत. विषय त्यांना हवाय, स्वागत नकोय. रेघ पहिल्याच सेकंदांत कोसळून मग सपाट झाली असेल, तर बहुधा मथळ्याने एक सांगितलं आणि पहिलं वाक्य दुसरंच बोललं. तिथे नुसते शब्द कमी करून काही होत नाही.

औंधची
जुन्या व्हिडिओंचं काय? पुन्हा अपलोड केले तर कमेंट आणि व्ह्यूज जातील.

नारायणपेठी
पुन्हा अपलोड करू नका. Studio मध्ये व्हिडिओ उघडा, `Editor`, मग `Trim & cut`. पुढचा तुकडा कापून साठवा. लिंक, व्ह्यूज, कमेंट तेच राहतात. प्रक्रिया होईपर्यंत लोकांना जुनंच रूप दिसतं, त्याला वेळ लागतो. दोन अडचणी आहेत. कमाई सुरू नसलेल्या चॅनलला एक लाखाच्या वर व्ह्यूज गेलेला व्हिडिओ असा कापून साठवता येईलच असं नाही. आणि इथे कापता येतं, नवीन बोलणं पुढे जोडता येत नाही. म्हणून आधी शोधा की जुन्या व्हिडिओत वचनासारखं वाक्य कुठे आहे. बऱ्याचदा ते "तर चला"च्या लगेच पुढे सापडतं. तिथून सुरू होईल असं कापा.

आणि वर्णनात चॅप्टर लिहिले असतील तर कापल्यावर सगळ्या वेळा सरकतात, त्या हाताने बदला. पहिली नोंद `0:00` च हवी आणि प्रत्येक भाग निदान दहा सेकंदांचा:

```
0:00 स्टार्टर फिरतो, गाडी सुरू नाही
0:10 प्लगची टोपी कुठे असते
1:25 पाणी पुसून पुन्हा बसवणं
```

गॅरेज_नाना पेठ
दुसऱ्या ओळीत झाकण पण लिहा. "झाकण काढून प्लगची टोपी". लोक तिथेच अडतात.